खटक्याचं झाकण

४ फेब्रुवारी

दादा,

पत्राच्या सुरुवातीला 'तीर्थरूप' लिहायचं असतं हे मला माहीत आहे. लिहिणार नाही. खुशालीही विचारणार नाही. बावीस वर्षं विचारली नाही म्हणून तुझं काही अडलेलं दिसत नाही. तुझा पत्ता आईच्या औषधांच्या डब्यात चिठ्ठ्यांखाली मिळाला. म्हणजे तू आईला लिहितोस आणि आई ते माझ्यापासून लपवते. या घरात सगळे लपवण्यात पटाईत, घड्याळं दुरुस्त करण्यात फक्त दोघंच.

बातमी देण्यासाठी लिहिते आहे. मनोऱ्यावरचं घड्याळ मी दुरुस्त करणार आहे.

हो, मीच. जिला अण्णांनी कधी मनोऱ्याचा जिना चढू दिला नाही ती. 'तुझा हात बारीक कामाला चांगला,' म्हणायचे, आणि मनगटी घड्याळांचा ट्रे पुढे सरकवायचे. मनोरा तुझ्यासाठी राखून ठेवला होता. त्या राखीव जागेचं तू काय केलंस ते सगळं गाव रोज मान वर करून बघतं. बारा वाजून दहा मिनिटं.

मागच्या महिन्यात नगराध्यक्ष स्वतः दुकानात आले. बाहेरच्या एका कंपनीने त्यांना सांगितलं होतं की आतलं सगळं काढून फेका, विजेची मोटर बसवा. पण आता जुनं ते जपायची हवा आहे, आणि नगराध्यक्षांना हवा आधी कळते. 'ताई, मूळ यंत्र चालू झालं पाहिजे,' म्हणाले. 'तुमच्या वडिलांनी तर सांगितलं होतं की सुटे भाग मिळतच नाहीत, बनवणारे कारखाने बंद पडले. होईल ना?' मी म्हटलं, बघते.

खाली भिंतीवर पितळी पाटी लागणार आहे. मजकूर त्यांच्या कारकुनाने लिहिला होता, त्यात दर ओळीला एकदा नगराध्यक्ष येत होते. मी एकच दुरुस्ती सुचवली. आता पाटीवर असं येईल: 'मुलाच्या हलगर्जीपणामुळे बंद पडलेले हे घड्याळ, घड्याळजींच्या कन्येने पुन्हा सुरू केले.' चौकशी अहवालातही हेच होतं, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. अण्णा जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या हातून काम काढून घेतलं ते तुझ्यामुळे, हे निदान पितळेवर तरी राहील.

तुला कळवणं माझं कर्तव्य होतं. केलं.

तुझी बहीण (कागदोपत्री)


१३ फेब्रुवारी

दादा,

एकशे अठरा पायऱ्या. वर पोचेपर्यंत माझा उजवा खांदा आणि डावा गुडघा यांनी वेगवेगळे राजीनामे दिले. सोबत बांधकाम खात्याचा इंजिनिअर होता. पंचविसाव्या पायरीला म्हणाला, 'तुम्ही व्हा पुढे.' मी पुढे झाले. तो अजून येतोच आहे.

दार उघडलं तर आधी कबुतरं, मग त्यांची बावीस वर्षांची कमाई. दोन दिवस फक्त खरवडलं. मग यंत्र दिसलं, आणि दादा, मला तुझा इतका राग आला की खाली बसावं लागलं. इतकं देखणं यंत्र! पलंगाएवढी लोखंडी चौकट, त्यात दोन ओळी चाकांच्या. उजवीकडची ठोके द्यायची, डावीकडची वेळ चालवायची. प्रत्येक ओळीला एक ड्रम, ड्रमवर पोलादी दोर, दोराच्या टोकाला खाली विहिरीसारख्या पोकळीत लोंबणारं वजन. हे वजन हळूहळू खाली उतरतं आणि घड्याळ चालवतं. दर सातव्या दिवशी किल्लीचा दांडा फिरवून ते वर घ्यायचं. मागे सव्वादोन मीटर लांबीचा लंबक, एका झोक्याला दीड सेकंद. बुडाचा गोळा मला दोन्ही हातांनीही हलवता आला नाही.

तुझं कर्तृत्वही सापडलं. एस्केप व्हील, म्हणजे ज्याच्या दातांवरून लंबक एकेक ठोका सोडतो ते चाक. तीस दात. त्यातले सलग चार वाकलेले आणि पाचवा मुळापासून गेलेला.

हे कशाने होतं ते मी सांगते, म्हणजे 'मला काय माहीत' म्हणायला नको. आपण किल्ली देतो तेव्हा वजनाचा ओढा हातावर येतो, चाकांवर राहत नाही. म्हणजे किल्ली देताना चाकांमागे कोणी नसतं. पण लंबक मात्र झुलतच असतो, त्याला कोण थांबवणार! पाठबळ नसलेल्या चाकावर लंबकाला जोडलेला आकडा, म्हणजे दात अडवून सोडणारा हूक, दाताच्या टोकावर येऊन आदळतो आणि दात वाकतो. हे होऊ नये म्हणून ड्रमच्या बाजूला एक खटका असतो. किल्ली देण्याआधी त्याचा लांब दांडा वर उचलायचा. मग दांड्याचं वजन खटक्यातून मोठ्या चाकाच्या दाताला ढकलत राहतं आणि किल्ली देईपर्यंत घड्याळ चालू ठेवतं. एवढंच काम. दांडा वर उचलायचा. तापाने फणफणलेल्या अण्णांनी अंथरुणातून तुला दोनदा सांगितलं होतं, 'खटका विसरू नकोस.' मी पाण्याच्या पट्ट्या बदलत होते, मी ऐकलं आहे.

आणि मग सव्वाअकरा वाजता काटे पळत सुटले. तू किल्ली सोडलीस तसं वजन पुन्हा चाकांवर आलं, आकडा वाकलेल्या दातांवरून घसरला आणि काटे पंचावन्न मिनिटं पुढे धावले. पळता पळता बाराचे ठोकेही पडले. नगरपालिकेचे कारकून ठोके ऐकून जेवायला उठले ते, माझ्या मते, अजून परतलेले नाहीत. शेवटी तुटलेला दात खालच्या चाकात अडकला आणि सगळं थांबलं. बारा वाजून दहा.

तू घरी येऊन काय म्हणालास ते आठवतं? 'मी खटका उचलला होता.' अण्णा भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर मरेपर्यंत ते तुझ्याशी बोलले नाहीत. मीही नाही. चांगलं केलं.


२ मार्च

दादा,

तुझं कार्ड आलं. बावीस वर्षांनी भावाने बहिणीला लिहिलेला मजकूर पूर्ण उतरवते: 'मी खटका उचलला होता.' खाली सहीसुद्धा नाही. एक शब्द तरी बदलायचास! माणूस खोटं बोलताना निदान तपशील वाढवतो. तू त्याच्यातही आळशी.

मी कामाचं लिहिते.

वाकलेले दात सरळ करायचा मोह होतो, पण जुनं पितळ सरळ करायला गेलं की तडकतं, आणि तापवून मऊ केलं तर मऊच राहतं. म्हणून पाची दातांचा तुकडा चाकातून कापून काढला. जागेला बुडाशी रुंद, वर अरुंद अशी खाच केली, म्हणजे नवा तुकडा बाहेर निसटणार नाही. नवं पितळ आधी हातोडीने ठोकून कडक केलं, खाचेत घट्ट बसवलं, कथलाचा हलका डाग दिला. मग पाच दात कानशीने. शाबूत दाताचा पत्र्यात छाप कापून घेतला आणि प्रत्येक नवा दात त्यावर लावून बघितला. चार दिवस गेले. एक दात केसभर जास्त घासला गेला म्हणून सगळा तुकडा फेकून पुन्हा केला. लंबक ज्या पोलादी पट्टीवर लटकतो ती गंजली होती, ती नवी घातली. प्रत्येक धुरा पुसून, प्रत्येक टोकाला एकेक थेंब तेल. अण्णा म्हणायचे, तेल जास्त घालणारा आणि बोलणं जास्त करणारा सारखाच. त्यांचं हे वाक्य मला नेहमी आवडायचं. आज का कोण जाणे, टोचलं.

आता जे लिहायचं नव्हतं ते.

ड्रमवर दोरासाठी खाचा आहेत, अठ्ठेचाळीस. चार तासांना ड्रमचा एक फेरा, म्हणजे दिवसाला सहा खाचा मोकळ्या होतात. सातव्या दिवशी बेचाळीस मोकळ्या, सहा भरलेल्या. बावीस वर्षांत ड्रमला कोणी हात लावलेला नाही, दोर जिथे होता तिथेच आहे. मी मोजला. सदतीस खाचा भरलेल्या.

म्हणजे तू एकतीस फेरे दिले होतेस.

तू खटका उचललाच नसतास तर पहिल्या-दुसऱ्या फेऱ्यालाच आकडा दातावर आदळायला हवा होता. एकतीस फेरे होईपर्यंत लंबक काय तुझ्या वयाचा मान ठेवून थांबला होता?

मी काट्यांचा जोड सोडवून ठेवला, लंबकाला झोका दिला, खटका वर केला आणि घड्याळ लावून बसले. दांडा हळूहळू खाली येतो. आठ मिनिटं पुरतो. मग स्वतः किल्लीचे दहा फेरे देऊन बघितले. माझा खांदा धरून एका फेऱ्याला पंधरा सेकंद. म्हणजे आठ मिनिटांत बत्तीस फेरे.

अण्णा सांगायचे, 'मी सात मिनिटांत सगळं वजन वर घेतो.' बेचाळीस फेरे, प्रत्येकी दहा सेकंद. तू तर सवय नसलेला, हातावर फोड आलेले. तू खटका उचललास, एकतीस फेरे दिलेस आणि खटका संपला. कोणी तुला सांगितलं नव्हतं की तो संपतो.

मी हे लिहिलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. अजून एक गोष्ट कळलेली नाही. चौकटीवर काजळीखाली कारखान्याची एक ओळ कोरलेली निघाली: 'झाकण मिटल्यास खटका पुन्हा उचलावा.' कसलं झाकण? इथे झाकण नाही. खटक्याच्या दांड्याच्या टोकाला दोन आट्यांची भोकं आहेत, रिकामी. समोर, किल्ली लावायच्या चौकोनी टोकाभोवती, लोखंडावर अर्धगोल चकाकी, काहीतरी वर्षानुवर्षं घासल्यासारखी. म्हणजे त्या भोकांवर एक झाकण होतं. दांडा खाली असला की ते किल्लीची जागा झाकायचं. दांडा वर उचलल्याशिवाय किल्ली बसवताच येत नव्हती. आणि दांडा उतरत आला की झाकण परत येऊन किल्लीला अडायचं: थांब, मला पुन्हा उचल.

आटे जराही खराब नाहीत. ज्याने काढलं त्याने बेतशीर स्क्रूड्रायव्हरने, सावकाश काढलं.

दुसरं झाकण करते. पुठ्ठ्याचा नमुना कापलाय. बाकी नंतर.


३ मार्च

दादा,

पुठ्ठ्याचा नमुना स्वयंपाकघरातल्या टेबलावर विसरले होते. सकाळी आई चष्मा लावून म्हणाली, 'हे टेबलाखालचं बाहेर का काढलंस? आता डुगडुगेल की.'

'कुठल्या टेबलाखालचं?'

'तुझ्या कामाच्या. रोज केर काढते मी, मला नाही माहीत? पण ते पितळेचं आहे ना गं?'

मी दुकानात जाऊन गुडघ्यांवर बसले. ज्या टेबलावर मी बावीस वर्षं काम केलं, त्याच्या मागच्या डाव्या पायाखाली अर्धचंद्री पितळी तुकडा. दोन भोकं. पुठ्ठा वर ठेवला. तंतोतंत.

'हे कोणी ठेवलं इथे?'

'ह्यांनीच. मनोऱ्यावरून आणलं होतं. तुझा दादा घर सोडून गेला त्याच्या आदल्या वर्षी. इतके चिडले होते! म्हणे, निर्जीव वस्तू मला शिकवते. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, मध्येच येऊन हाताला लागतं, म्हातारा झालास म्हणतं.' आईने चष्मा काढला. 'मला वाटलं काहीतरी फालतू असेल. महत्त्वाचं असतं का?'

मी म्हटलं, 'नाही आई, टेबलाला लागतं.'

आता आईपासून लपवणारी मीच. घरची रीत.

तर असं आहे, दादा. आपल्या अण्णांना किल्ली द्यायला सातऐवजी नऊ मिनिटं तरी लागायला लागली असणार. झाकण येऊन किल्लीला अडत होतं. दुसरा कोणी असता तर दांडा पुन्हा उचलून मोकळा झाला असता. त्यांनी झाकणच काढलं. कारागिराला कशाला हवं झाकण? त्यांच्या हाताला सवय होती, अंदाजाने ते मध्ये एकदा दांडा उचलत असणार. मग ताप आला, आणि त्यांनी तुला त्या उघड्या यंत्रापुढे उभं केलं. 'खटका विसरू नकोस' एवढं दोनदा सांगितलं. झाकण काढलंय हे एकदाही नाही, कारण ते सांगायचं तर का काढलं तेही सांगावं लागलं असतं.

आणि तू येऊन खरं बोललास तेव्हा ते भिंतीकडे वळले. मला वाटायचं ते दुःख आहे. मी त्या पाठीला बावीस वर्षं मान दिला! नंतर नगरपालिकेला 'सुटे भाग मिळत नाहीत' असं सांगितलं तेही आता कळलं. कोणी वर जाऊन बघायला नको होतं. मला जिना का चढू दिला नाही, तेही. माझी नजर बारीक होती ना.

मी रागावलेली आहे. सकाळपासून भांडी आपटते आहे. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे यावं. पण तुझ्यावरही रागावलेली आहे. एवढंच एक वाक्य धरून गप्प बसलास? दार लाथाडून आत का आला नाहीस? मला धरून वर का नेलं नाहीस? 'चल, दाखवतो' म्हणाला असतास तर मी आले असते.

खोटं लिहिलं. नसते आले. मी दार उघडलं नसतं. तू दोनदा आला होतास आणि मी आतून कडी लावून उभी होते, हे तुलाही माहीत आहे.


१९ मार्च

दादा,

आधी पाटीचं.

नगराध्यक्षांकडे गेले. म्हटलं, मजकूर चुकीचा आहे, बदला. ते म्हणाले, 'ताई, कोरून झाली. आणि तुम्हीच तर सांगितलं होतंत!' म्हटलं, मी चुकले होते. 'मग वडिलांचं नाव घालायचं का?' आणि लगेच पुढे म्हणाले, 'हे बघा, चौकशी अहवाल आहे, ठराव आहे. सत्य बदललं तर पुन्हा ठराव करावा लागेल.'

अण्णांना पितळेवर चढवायची माझी तयारी होती. दोन रात्री ते वाक्य मनात कोरत होते. पण मग मी कोण? ज्या टेबलाखाली पुरावा होता त्यावर बसून मी तुला रोज दोषी ठरवत होते. पाटी दुकानात पॉलिशला मागवून घेतली. 'मुलाच्या' हा शब्द घासून काढला आणि त्या जागी 'आमच्या' कोरलं. जागा नेमकी पुरली. नीट बघितलं तर तिथलं पितळ जरा खोल आहे, बोट फिरवलं की लागतं. राहू दे.

गेल्या आठवड्यातला समारंभ सकाळी अकराला ठेवला होता. मी सांगितलं, घड्याळ बारा वाजून दहा मिनिटांनीच सुरू होईल. काटे तिथेच आहेत, बाराचे ठोके तेव्हाच पडून गेलेत, म्हणजे पुढचा ठोका बरोबर एकाला एकच पडेल, काहीही फिरवावं लागणार नाही. हे खरं आहे. सगळ्यांना उन्हात बसवायचं होतं, हेही खरं आहे. सत्तर मिनिटं भाषणं झाली. शेवटी नगराध्यक्षांनी पडदा सारला आणि खणखणीत आवाजात वाचलं, 'आमच्या हलगर्जीपणामुळे बंद पडलेले हे घड्याळ...' आणि थांबले. मागून कोणीतरी ओरडलं, 'साहेब, बावीस वर्षांनी कबूल केलंत!' इतक्या टाळ्या त्यांना कोणत्याही निवडणुकीत मिळाल्या नसतील.

मी तेव्हा वर होते. हे आईने सांगितलं. लंबक एका बाजूला धरून हातातल्या घड्याळाकडे बघत उभी होते. बारा दहाला सोडला. पहिले काही ठोके लंगडे पडले, एक लांब, एक आखूड. आकड्याच्या दांड्यावरचा स्क्रू पाव फेरा फिरवला. पुन्हा ऐकलं. आणखी जरासा. मग दोन्ही बाजू सारख्या झाल्या. नवे पाच दात एकामागून एक आकड्याखालून गेले. मी श्वास धरून मोजत होते. तीस दात, नव्वद सेकंद, पूर्ण फेरा. बाहेर कबुतरं उडाली तेव्हा कळलं की मोठा काटा हलला.

पहिल्या दिवशी वीस सेकंद मागे पडलं. लंबकाच्या दांड्यावर मधोमध एक छोटी ताटली आहे, तिच्यात पितळेच्या दोन चकत्या ठेवल्या, त्याने झोका किंचित लवकर होतो. आता आठवड्यात पाच सेकंदही इकडेतिकडे नाही. गाव वैतागलंय. सगळ्यांना उशीर झाल्याचं आता दिसतं.

कामाच्या टेबलाचा पाय डुगडुगतो. खाली तुझी दोन्ही कार्डं घडी करून घातली होती, आत्ताचं आणि तेव्हाचं. तेव्हाचं म्हणजे तू गेल्यावर पाठवलेलं, तेच वाक्य. मी फाडलं नव्हतं, हे तुला कधी सांगणार नव्हते. पुरली नाहीत. काल काढून परत माझ्या हत्यारांच्या डब्यात ठेवली.

पहिली किल्ली मी दिली. खांदा गेला. डॉक्टर म्हणतात, सहा आठवडे हात वर करायचा नाही. नगराध्यक्ष म्हणतात, आमचा इंजिनिअर देईल, आणि तो अजून पंचविसाव्या पायरीवर आहे. सव्वीस तारखेला वजन तळाला टेकेल आणि घड्याळ पुन्हा थांबेल. त्याच्या आत कोणीतरी एकशे अठरा पायऱ्या चढायला हव्यात.

माफी मागायला मला येत नाही, या घरात कोणी शिकवलीच नाही. मला येतं ते मी केलं आहे. झाकण जुन्या भोकांवर, जुन्याच जागी, दोन नव्या स्क्रूंनी बसवलं आहे. दांडा उचलल्याशिवाय किल्ली लागत नाही. आठ मिनिटांनी झाकण येऊन हाताला लागेल. लागू दे. थांबायचं, दांडा पुन्हा उचलायचा, उरलेले फेरे सावकाश द्यायचे. मी खालच्या पायरीवर बसेन. घाई करणार नाही.

आता कोणाला चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही. ये.

तुझी बहीण